फोटोतल्या बँक स्टेटमेंटचं पान गहाळ आहे का, तळ कापला गेलाय का, हे कसं ओळखायचं

कर सल्लागाराच्या किंवा सीएच्या ऑफिसात नव्याने रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात एक काम हमखास वाट्याला येतं. क्लायंटने व्हॉट्सॲपवर बँक स्टेटमेंटच्या पानांचे फोटो पाठवलेले असतात आणि ते एक्सेलमध्ये उतरवायचे असतात. या कामात अक्षर न लागणं ही अडचण छोटी असते, कारण ती डोळ्यांना दिसते. मोठी अडचण असते ती जे फोटोत आलंच नाही त्याची. मधलं एक पान राहिलं किंवा पानाच्या तळाच्या तीन ओळी फोटोच्या बाहेर गेल्या, तरी टाईप केलेला तक्ता वरून खालपर्यंत सलगच दिसतो.

हे पकडायचे तीन मार्ग आहेत. पान क्रमांक पाहायचा, ओळीमागून ओळ शिल्लक जुळते का ते पाहायचं आणि पुढे नेलेल्या बेरजा ताडायच्या. तिघांपैकी एकही एकटा पुरेसा नाही, आणि प्रत्येकाचं नेमकं कुठे फसतं हे ठाऊक असलं की काम सोपं होतं. खाली चालू खात्याचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट उदाहरणाला घेतलं आहे. आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण नमुना रोजच्या कामातला आहे.

टाईप करण्याआधी फोटोंची यादी

सगळे फोटो आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि पूर्ण आकारात उघडा. व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये दिसणारं छोटं चित्र उभ्या फोटोच्या वरचा-खालचा भाग लपवतं. ते पाहून ‘तळ कापलाय’ असं ठरवू नका, आणि ‘सगळं आलंय’ असंही नाही.

कागदावर किंवा वेगळ्या शीटवर प्रत्येक फोटोसाठी एक ओळ करा. तिच्यात फोटोचा क्रमांक, पानावर छापलेला क्रमांक, पहिल्या नोंदीची तारीख, शेवटच्या नोंदीची तारीख, कॉलमची शीर्षकं दिसतात का आणि तळाची कड दिसते का, एवढंच लिहायचं. पाच-सात फोटोंना दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि निम्म्या चुका इथेच उघड्या पडतात.

फाईलच्या नावावर विसंबू नका. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपने साठवलेल्या फोटोचं नाव `IMG-20240705-WA0012.jpg` अशा धर्तीचं असतं. त्यातला शेवटचा आकडा त्या फोनवरचा त्या दिवसाचा अनुक्रम असतो आणि तो सगळ्या चॅटमधल्या फोटोंना मिळून चालतो. त्यामुळे ००१२ नंतर थेट ००१५ आलं म्हणून दोन पानं राहिली असं होत नाही, आणि अनुक्रम सलग आहे म्हणून पानंही सलग आहेत असंही नाही. क्लायंटने गॅलरीतून ज्या क्रमाने फोटो निवडले त्या क्रमाने ते येतात. पान ४ आधी आणि पान १ नंतर, हे नेहमीचंच.

पान क्रमांक: काय सांगतो, काय सांगत नाही

`Page 3 of 5` असं छापलेलं असेल तर उत्तम, कारण एकूण पानं किती हे त्यातच कळतं. पण पाच पानं आणि पाच फोटो एवढी मोजणी करून थांबू नका. पहिला फोटो हलला म्हणून क्लायंट तेच पान पुन्हा काढतो, दोन्ही पाठवतो आणि पुढचं पान विसरतो. संख्या जुळते, पान मात्र नसतं. म्हणून फोटो मोजण्यापेक्षा १, २, ३, ४, ५ हे क्रमांक एकेक करून यादीत खोडायचे.

काही स्टेटमेंटवर नुसतं `Page No. 3` असतं, एकूण पानं सांगितलेली नसतात. तिथे मधलं पान राहिलं तर कळतं, शेवटचं राहिलं तर नाही. अशा वेळी शेवटच्या फोटोवर स्टेटमेंट संपल्याची खूण आहे का ते पाहा. शेवटी एकूण जमा-खर्चाचा गोषवारा असतो, किंवा `End of Statement` अशी ओळ, किंवा निदान खुलासे आणि संक्षेपांचे अर्थ. यातलं काहीच नसेल आणि शेवटची नोंद २४ जूनची असून मथळ्यात कालावधी ३० जूनपर्यंतचा असेल, तर पुढे पान असण्याची शक्यता धरूनच चाला.

नवख्यांना सर्वांत जास्त चकवणारी गोष्ट म्हणजे दोन वेगळ्या प्रिंटची पानं एकत्र आलेली असणं. क्लायंट एप्रिल ते जूनचं स्टेटमेंट ५ जुलैला काढतो. त्यातलं एक पान हरवतं, म्हणून १२ जुलैला मार्च ते जूनचं नवं स्टेटमेंट काढतो आणि त्यातलं ‘पान ३’ तेवढं पाठवतो. कालावधी बदलला की पानांची विभागणी सरकते. नव्या प्रिंटच्या पान ३ वर जुन्या प्रिंटच्या पान २ मधल्या नोंदी असू शकतात. क्रमांक १, २, ३, ४, ५ सगळे हजर, तरी काही नोंदी दोनदा आणि काही एकदाही नाहीत. त्यामुळे प्रत्येक पानावर खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, कालावधी आणि छापल्याची तारीख-वेळ जिथे दिसेल तिथे ताडून पाहा. दर महिन्याची वेगळी फाईल असेल तर प्रत्येक महिन्याला क्रमांक १ पासूनच सुरू होतो. तिथे यादीत महिन्याचा कॉलम वाढवावा लागतो.

तळाची कड कशी वाचायची

बहुतेक स्टेटमेंटमध्ये पान क्रमांक तळाशी असतो. म्हणजे तळ कापला गेला की पहिला बळी पान क्रमांकाचाच. यादीत पान क्रमांकाची जागा रिकामी राहिली, तर त्या फोटोवर संशय आलाच पाहिजे.

पूर्ण पानाच्या तळाशी साधारण चार गोष्टी क्रमाने दिसतात: शेवटची नोंद, तक्त्याची आडवी रेघ, प्रत्येक पानावर तसाच छापलेला तळटीपेचा मजकूर, आणि मग कागदाचा कोरा समास. फोटोत निदान रेघ आणि तळटीप दिसली पाहिजे. कागदाचे चारही कोपरे दिसले तर प्रश्नच मिटतो. स्कॅनर ॲप वापरलं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. ही ॲप कागदाची कड आपोआप शोधतात, पण पांढऱ्या टेबलावर पांढरा कागद असेल तर तक्त्याची काळी चौकट हीच कड समजून बाकीचं छाटतात. मग चित्र अगदी सरळ, स्वच्छ आणि चौकोनी येतं. पूर्ण वाटतं आणि नसतं. कागद हाताने धरलेल्या वेड्यावाकड्या फोटोवर निदान संशय तरी येतो.

शेवटच्या नोंदीकडे नीट पाहा. यूपीआय किंवा एनईएफटीचा तपशील दोन-तीन ओळींत मोडलेला असतो. बऱ्याच बँकांच्या छपाईत तारीख आणि रक्कम पहिल्या ओळीवर असतात, बाकी तपशील खाली उतरतो. अशा नोंदीचा निम्मा भाग कापला गेला तरी रक्कम हाती राहते आणि हिशेब जुळतो, पण पैसे कुणाला गेले किंवा संदर्भ क्रमांक काय हे हरवतं. काही छपाईत रक्कम नोंदीच्या मधोमध असते. तिथे तळाशी तपशिलाची एक ओळ आहे आणि समोर रक्कम नाही असं दिसलं, तर तिथे कापलं गेलंय याला दुसरा पुरावा नको. पुढच्या पानाच्या सुरुवातीला तारखेविना नुसता तपशिलाचा तुकडा असेल, तर तो मागच्या पानावरच्या शेवटच्या नोंदीची शेपटी आहे. त्याला स्वतंत्र नोंद करू नका.

पानावर किती नोंदी बसतात हेही मोजून ठेवा. तपशील लांब-आखूड असल्याने हा आकडा पक्का नसतो. पण पूर्ण पानांवर २७-२८ नोंदी असताना एका फोटोत २३ च असतील, तर त्या पानावर लांब तपशील जास्त आहेत का, हे तरी पाहायला हवं.

शिल्लकेची साखळी

आता टाईप करा, आणि छापलेली शिल्लकही टाईप करा. बरेच जण शिल्लक सूत्राने काढतात आणि छापलेल्या आकड्याकडे पाहतही नाहीत. असं केलं की तपासणीच संपते, कारण सूत्राने काढलेली शिल्लक कायमच बरोबर दिसते.

कॉलम असे ठेवा: A मध्ये फोटो क्रमांक, B मध्ये पान क्रमांक, C तारीख, D तपशील, E काढलेली रक्कम, F जमा रक्कम, G छापलेली शिल्लक. दुसऱ्या ओळीत फक्त सुरुवातीची शिल्लक, म्हणजे G2. पहिली नोंद तिसऱ्या ओळीत. H3 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढा:

```
=ROUND(G3-(G2-E3+F3),2)
```

प्रत्येक ओळीला शून्य यायला हवं. ROUND घातलाय तो पैशांसाठी. तो नसेल तर दशांशांच्या हिशेबात एक्सेल कधीकधी शून्याऐवजी अतिसूक्ष्म आकडा दाखवतं आणि उगाच शोधाशोध होते.

शून्याव्यतिरिक्त काही आलं तर चिन्ह पाहा. उणे आलं तर न दिसलेल्या नोंदींमध्ये मिळून पैसे बाहेर गेलेत, अधिक आलं तर मिळून आत आलेत. त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा: हा फरक पानाच्या मध्ये आहे की दोन पानांच्या सांध्यावर?

पानाच्या मध्ये असेल तर बहुधा वाचण्या-लिहिण्याची चूक आहे, आणि तिची जात आकड्यावरून कळते. शिल्लक चुकीची टाईप झाली तर लागोपाठ दोन ओळींत सारखाच फरक येतो, एकदा अधिक, एकदा उणे. ६४,७२० ऐवजी ६४,२७० लिहिलं तर आधी उणे ४५० आणि पुढच्या ओळीला अधिक ४५०. रक्कम चुकली तर फरक एकाच ओळीत येतो. रक्कम चुकीच्या कॉलममध्ये गेली तर फरक बरोबर दुप्पट येतो. ३,५०० काढलेले असताना जमेत लिहिले तर उणे ७,०००. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन आकडे उलटसुलट झालेत का ते आधी पाहा. वरच्या ४५० लाही ९ ने भाग जातो. यातलं काहीच लागू होत नसेल तर फोटोत कागदाची घडी कुठे पडलीय ते बघा. घडीत एखादी ओळ पूर्ण लपते.

फरक पानाच्या सांध्यावर, म्हणजे नव्या पानाच्या पहिल्या नोंदीवर आला, तर वाचनाची चूक एकदा तपासून घ्या. ती नसेल तर तिथे नोंदी गहाळ आहेत.

दोन प्रकारच्या खात्यांत हे सूत्र जसंच्या तसं चालत नाही. ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिट खात्यात शिल्लकेपुढे `Dr` असतं. ती शिल्लक उणे चिन्हाने टाईप करा, मग सूत्र तेच. काही ॲपमधून काढलेल्या स्टेटमेंटमध्ये सर्वांत नवी नोंद वर असते. तिथे पहिली नोंद दुसऱ्याच ओळीत आणि सुरुवातीची शिल्लक सगळ्यात खालच्या ओळीत ठेवायची, वरची ओळ खालच्या ओळीवरून तपासायची आणि H2 मध्ये हे लिहून शेवटच्या नोंदीपर्यंत ओढायचं:

```
=ROUND(G2-(G3-E2+F2),2)
```

आणि तारखेनुसार सॉर्ट करण्याचा मोह आवरा. एकाच दिवशी वीस नोंदी असतात आणि त्यांचा आपसातला क्रम सॉर्टने बिघडू शकतो. साखळी जागोजागी तुटलेली दिसते आणि खरी तूट त्या गर्दीत लपते.

एक स्टेटमेंट, पाच फोटो

१ एप्रिल ते ३० जून २०२४, हार्डवेअरच्या दुकानाचं चालू खातं. फोटो पाच आले. पहिल्यावर `Page 1 of 5`, दुसऱ्यावर `Page 2 of 5`, तिसऱ्यावर पुन्हा `Page 2 of 5`, चौथ्यावर क्रमांक दिसत नाही, पाचव्यावर `Page 5 of 5`. यादी करतानाच दोन गोष्टी कळल्या. पान २ दोनदा आलंय, आणि विनाक्रमांकाचा फोटो पान ३ तरी आहे किंवा पान ४ तरी. दोन्हीपैकी एक पान आलेलंच नाही.

कोणतं ते कसं ठरवायचं? पान २ चा तळ पूर्ण आहे, शेवटची नोंद ३ मेची, शिल्लक ४९,४७०. विनाक्रमांकाच्या फोटोत कॉलमची शीर्षकं दिसतात, म्हणजे वरचा भाग शाबूत आहे. त्याची पहिली नोंद २१ मेची: काढले ३,५००, शिल्लक ६१,२२०. म्हणजे त्या नोंदीआधी शिल्लक ६४,७२० असली पाहिजे. हे पान ३ असतं तर ती ४९,४७० असती. तसं नाही, म्हणून हे पान ४ आहे आणि पान ३ आलेलं नाही. सूत्राने या सांध्यावर अधिक १५,२५० दाखवले. पान ३ वर काढलेल्यापेक्षा जमा तेवढी जास्त आहे.

इथे तारखांनीही साथ दिली. रोज उलाढाल असणाऱ्या दुकानात ३ मे ते २१ मे एकही नोंद नाही, हे पटण्याजोगं नाही. पण तारखेला पुरावा मानू नका, ती फक्त इशारा देते. उलट बाजूनेही ती फसवते. एका पानाची शेवटची नोंद आणि पुढच्याची पहिली नोंद एकाच तारखेची असली, तरी त्या दिवसाच्या मधल्या चार नोंदी गेलेल्या असू शकतात.

आता पान ४ चा तळ. शेवटची दिसणारी नोंद ८ जूनची, शिल्लक ५६,४८०. पान ५ ची पहिली नोंद ११ जूनची: काढले २,०००, शिल्लक ४२,९३०. म्हणजे आधीची शिल्लक ४४,९३० हवी. सांध्यावर फरक उणे ११,५५०. तळ कापला गेला हे नक्की झालं.

नेमका इथे मोह होतो तो ‘११,५५० काढले’ अशी एक नोंद घालून साखळी जोडून टाकण्याचा. थांबा, आणि पान ५ वरचा गोषवारा पाहा. त्यात सुरुवातीची शिल्लक ४८,२५०, काढलेल्या नोंदी ८७, जमा नोंदी ४०, एकूण काढलेले ५,२८,८२०, एकूण जमा ५,३८,१५० आणि अखेरची शिल्लक ५७,५८० आहे. आपल्या शीटमध्ये दुसऱ्यांदा आलेलं पान २ वगळून जे उतरलंय त्याची बेरीज अशी:

| | काढलेल्या नोंदी | काढलेली रक्कम | जमा नोंदी | जमा रक्कम |
|---|---|---|---|---|
| पान १ | १८ | १,१२,४०० | ९ | १,३६,५०० |
| पान २ | २० | १,४१,७८० | ८ | १,१८,९०० |
| पान ४ (दिसणारं) | १७ | ९६,३४० | ६ | ८८,१०० |
| पान ५ | ११ | ५८,६०० | ७ | ७१,२५० |
| मिळून | ६६ | ४,०९,१२० | ३० | ४,१४,७५० |
| गोषवारा | ८७ | ५,२८,८२० | ४० | ५,३८,१५० |
| गहाळ | २१ | १,१९,७०० | १० | १,२३,४०० |

आधी दोन फरकांचा ताळा घ्या. सांध्यांवर अधिक १५,२५० आणि उणे ११,५५०, मिळून अधिक ३,७००. गहाळ जमा वजा गहाळ खर्च, म्हणजे १,२३,४०० वजा १,१९,७००, हेही ३,७००. दोन्ही जुळले, म्हणजे तिसरीकडे कुठे शिल्लक बदलेल अशी रक्कम सुटलेली नाही आणि शिल्लक बिघडवणारी टाईप करण्याची चूकही राहिलेली नाही.

एकूण ३१ नोंदी गहाळ आहेत. पान १ वर २७ आणि पान २ वर २८ नोंदी आहेत. पान ३ ही तसंच भरलेलं असेल असं धरलं, तर त्यावरच्या २७-२८ वजा जाता पान ४ च्या तळाला तीन-चार नोंदी राहतात. म्हणजे ११,५५० ही एक नोंद असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. पान ४ वर दिसणाऱ्या २३ नोंदी आणि या तीन-चार मिळून २६-२७ होतात, तेही पटतं.

मग उरलेल्या आकड्यांवरून नोंदी काढता येतील का? नाही. पान ३ वरचा खर्च, पान ३ वरची जमा, कापलेल्या तळातला खर्च आणि तिथली जमा, असे चार आकडे हवेत. हाती चार आकडे आहेत असं वाटतं: दोन सांध्यांचे फरक आणि गहाळ खर्च-जमेच्या दोन बेरजा. पण वरचा ताळा जुळला त्याचा अर्थच हा की चौथा आकडा बाकीच्या तिघांतून निघतो, तो नवं काही सांगत नाही. आणि चारही आकडे मिळाले असते तरी त्या फक्त बेरजा असत्या, नोंदी नव्हेत. फोटो परत मागवण्याला पर्याय नाही.

परत आलेल्या फोटोत पान ४ च्या तळाशी तीन नोंदी निघाल्या. ९ जूनला काढले ८,९५०, शिल्लक ४७,५३०. १० जूनला जमा ५,०००, शिल्लक ५२,५३०. ११ जूनला काढले ७,६००, शिल्लक ४४,९३०. इथून पान ५ ची पहिली नोंद बरोबर जुळते. पान ३ वर २८ नोंदी होत्या: १९ काढलेल्या, १,०३,१५०, आणि ९ जमेच्या, १,१८,४००. घाईत ११,५५० ची एक नोंद घातली असती तर ५,००० ची जमा हिशेबातून कायमची गेली असती, आणि शिल्लक जुळत असल्याने पुन्हा कुणी तिकडे पाहिलंही नसतं.

साखळी जुळते तरी नोंदी गेलेल्या असतात

शिल्लकेच्या साखळीची एक आंधळी जागा आहे. गहाळ नोंदींची जमा आणि खर्च सारखाच असेल, तर सांध्यावर फरक शून्य येतो. हा योगायोग विरळ असेल असं वाटतं, पण तसं नाही. चेक जमा झाला २५,००० चा आणि तो न वटता परत गेला, की लागोपाठ २५,००० जमा आणि २५,००० नावे पडतात. यूपीआयचं पेमेंट फसून पैसे परत आले की तीच गत. कर्जाचा हप्ता खात्यातून वजा होऊन पुरेशा शिल्लकेअभावी उलटवला गेला, तरी तेच. अशा जोडनोंदी एकमेकींच्या शेजारीच असतात, त्यामुळे कापलेल्या तळात दोन्ही एकदम जाऊ शकतात. आणि न वटलेला चेक किंवा परतलेला हप्ता हेच तर कर्जाच्या फाईलसाठी स्टेटमेंट तपासणाऱ्याला पाहायचं असतं.

म्हणून सर्व सांधे शून्य आले तरी गोषवाऱ्यातली नोंदींची संख्या आणि दोन्ही बेरजा ताडायच्याच. वरच्या उदाहरणात अशी जोडी हरवली तर शिल्लक जुळते, पण काढलेल्या नोंदींत एक कमी, जमेत एक कमी आणि दोन्ही बेरजांत २५,००० कमी येतात. हा नमुना दिसला की सांध्याजवळच शोधा, आणि ज्या फोटोंच्या तळाची रेघ दिसत नाही त्यांच्यापासून सुरुवात करा.

संख्या मोजायला ही दोन सूत्रं पुरतात. रिकाम्या खान्यांत शून्य टाईप केलेलं नसावं एवढी काळजी घ्या, कारण शून्यही मोजला जातो:

```
=COUNT(E3:E400)
=COUNT(F3:F400)
```

काही स्टेटमेंटमध्ये गोषवारा पहिल्या पानावर असतो, काहींत नसतोच. नसेल तेव्हा जोडनोंदींविरुद्ध आधार उरतो तो फक्त तळाच्या कडेचा. अशा स्टेटमेंटच्या एकाही पानाचा तळ कापलेला फोटो स्वीकारू नका, साखळी कितीही सुरेख जुळत असली तरी.

पुढे नेलेली आणि मागून आणलेली रक्कम

सहकारी बँकांची काही स्टेटमेंट, पासबुकं आणि टॅलीतून काढलेले खातेउतारे यांत पानाच्या शेवटी पुढे नेलेली रक्कम आणि पुढच्या पानाच्या सुरुवातीला मागून आणलेली रक्कम छापलेली असते. बँकेच्या छपाईत `C/F` आणि `B/F`, टॅलीत `Carried Over` आणि `Brought Forward`. नियम साधा: एका पानाची पुढे नेलेली रक्कम आणि पुढच्याची मागून आणलेली रक्कम अगदी पैशापर्यंत एकच असली पाहिजे.

तळ कापला की पुढे नेलेली रक्कमच जाते, पण काळजीचं कारण नाही. तोच आकडा पुढच्या पानाच्या डोक्यावर आहे. तिथून तो घ्या आणि मागच्या पानावर दिसणाऱ्या नोंदींवरून काढलेल्या आकड्याशी ताडा.

नेलेली रक्कम शिल्लक आहे की बेरजा, हे आधी पाहून घ्या. पासबुकात बहुधा एकच आकडा असतो, तो शिल्लकेचा. त्याला जोडनोंदींची आंधळी जागा लागू आहे. टॅलीच्या उताऱ्यात नावे आणि जमा या दोन्ही बाजूंच्या तिथपर्यंतच्या बेरजा वेगवेगळ्या पुढे नेलेल्या असतात. त्या जास्त खात्रीच्या, कारण परतलेल्या चेकची जोडी गहाळ असेल तर दोन्ही बेरजा २५,००० ने वाढलेल्या दिसतात आणि नेमकं कोणत्या पानावर हेही कळतं.

मागून आणलेली रक्कम जमेच्या कॉलममध्ये टाईप करू नका. ती व्यवहाराची नोंद नाही. दर पानाला एकदा ती जमेत गेली की एकूण जमा फुगते, आणि उलाढालीचा आकडा बघणाऱ्याला धंदा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

पासबुकाच्या फोटोत तळाइतकंच मधल्या शिवणीकडेही लक्ष द्या. पासबुक पूर्ण उघडलं नसेल तर शिवणीजवळच्या ओळी वळणात जातात. शिवण आडवी असलेल्या पासबुकात वरच्या पानाच्या शेवटच्या आणि खालच्या पानाच्या पहिल्या एक-दोन नोंदी अशाच जातात. सांध्यावर फरक आला तर पान गहाळ आहे असं ठरवण्याआधी शिवण तपासा.

परत काय आणि कसं मागायचं

‘फोटो नीट पाठवा’ असं लिहिलं तर तेच पाच फोटो पुन्हा येतात. कोणतं पान, कोणता भाग आणि कोणत्या तारखांच्या मधला, हे नेमकं लिहा:

> नमस्कार साहेब, चालू खात्याच्या स्टेटमेंटचे (१ एप्रिल ते ३० जून) ५ फोटो मिळाले. पान २ दोनदा आलं आहे आणि पान ३ आलेलं नाही. पान ४ चा तळ कापला गेला आहे, ८ जूननंतरच्या ओळी दिसत नाहीत. कृपया याच प्रिंटचं पान ३ आणि पान ४ पूर्ण पाठवा. कागदाचे चारही कोपरे फोटोत यावेत. नेट बँकिंगमधून काढलेली पीडीएफ असेल तर तीच पाठवलीत तरी चालेल, मग फोटोंची गरज नाही.

‘याच प्रिंटचं’ हे शब्द मुद्दाम आहेत. नवी प्रिंट काढली की पानं सरकतात हे क्लायंटला ठाऊक नसतं. तो नवीच प्रिंट काढणार असेल तर एखादं पान नको, सगळीच्या सगळी पानं त्याच प्रिंटची घ्या आणि जुने फोटो बाजूला ठेवा. फोटोच पाठवायचे असतील तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तसे पाठवलेले फोटो दाबून छोटे केले जात नाहीत आणि ३ की ८ हा घोळ कमी होतो.

उत्तर येईपर्यंत शीटमध्ये सांध्याच्या जागी एक रिकामी ओळ सोडा, तिला पिवळा रंग द्या आणि तपशिलाच्या कॉलममध्ये लिहा: ‘पान ३ मिळालेलं नाही, निव्वळ फरक +१५,२५०’, ‘पान ४ चा तळ कापलेला, निव्वळ फरक −११,५५०’. रकमेचे दोन्ही खाने रिकामेच ठेवा. त्या ओळीच्या G मध्ये मात्र पुढच्या पानावरून काढलेली आधीची शिल्लक लिहा, म्हणजे ६४,७२० आणि ४४,९३०. असं केलं की H मधला फरक त्या पिवळ्या ओळीवरच दिसतो आणि खालच्या सगळ्या नोंदी शून्य दाखवतात. राहिलेले फोटो आले की पिवळी ओळ काढून तिच्या जागी खऱ्या नोंदी घाला, सूत्र पुन्हा वरून खाली ओढा आणि शेवटची शिल्लक ५७,५८० येते का, नोंदी ८७ आणि ४० भरतात का ते पाहा.